पॉलिहाऊसचा क्लायमेट कंट्रोलर आणि फॉगर: मॅन्युअल मराठीत करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मावळ, जुन्नर, सांगली, नाशिक अशा बऱ्याच भागात आता दहा-वीस गुंठ्याच्या पॉलिहाऊसमध्ये पण कंट्रोलर बसलेत, आणि त्याच्यासोबत येणारं पुस्तक मात्र इंग्रजीत असतं. रोज बटणं दाबणारा माणूस वेगळा आणि पुस्तक वाचू शकणारा वेगळा, असं होतं. खाली मी मुख्यतः फॉगरच्या सेटिंगच्या पानाबद्दल लिहिलंय, कारण भाषांतर चुकलं तर पिकाला सगळ्यात लवकर त्रास याच पानामुळे होतो. ज्याने कोणी हे काम हातात घेतलंय (पोरगा, पुतणी, डीलर, कृषी पदवीधर, कोणीही) त्याच्यासाठी हे आहे.

पूर्ण मॅन्युअलचं भाषांतर करायचं का?

नको, निदान आधी तरी नको. कंट्रोलरच्या पुस्तकात साधारण तीन प्रकारचे वाचक धरलेले असतात. वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन, रोज सेटिंग बघणारा शेतकरी किंवा मॅनेजर, आणि देखभाल करणारा. वायरिंगचा भाग इलेक्ट्रिशियन आकृती बघून करतो, तिथे फक्त इशारे मराठीत हवेत. शेतकऱ्याला रोज लागतात ती पानं तशी थोडीच असतात, म्हणजे सेटिंगचा मेनू, अलार्म, सेन्सरची काळजी आणि फॉगर-फिल्टरची साफसफाई. ती आधी नीट करा, बाकीचं सवडीने.

स्क्रीनवर दिसणारे शब्द मराठीत लिहायचे का?

स्क्रीन मराठी होत नाहीये ना, मग पुस्तकात पण ते शब्द स्क्रीनवर जसे दिसतात तसेच, इंग्रजी अक्षरात ठेवा आणि पुढे मराठीत सांगा की हे काय करतं. माणूस पुस्तक हातात धरून स्क्रीनवरचा शब्द शोधत असतो, तिथे तुम्ही "तापमान निर्धारण बिंदू" लिहिलं तर त्याला काहीच सापडणार नाही. समजा मेनू असा आहे (हा फक्त नमुना, तुमच्या मशीनवर नावं वेगळी असतील):

```
TEMP SET   32.0
TEMP DIFF   2.0
RH MAX     75
FOG ON     00:30
FOG OFF    05:00
START      10:30
STOP       16:00
```

पुढचं सगळं याच नमुन्यावर समजावतो. RH म्हणजे आपण रोज म्हणतो ती ह्युमिडिटी, तेव्हा समजावताना "ह्युमिडिटी" च लिहा, तळेगावचं ट्रेनिंग करून आलेला असो की बेडवर काम करणारी ताई, हा शब्द सगळ्यांना कळतो.

आकडे मराठी लिहायचे की इंग्रजी?

नुसत्या माहितीच्या वाक्यात मराठी आकडे चालतील, पण जो आकडा बटणाने भरायचाय तो स्क्रीनसारखाच लिहा. कारण मराठी १ आणि इंग्रजी 9 घाईत सारखे दिसतात, मराठी ५ लांबून 4 सारखा वाटतो, आणि पॉलिहाऊसमध्ये पुस्तक वाचलं जातं ते घामाने ओल्या हातात, पॅनलच्या कमी उजेडात. DIFF मध्ये 1 च्या जागी 9 पडला तर काही मशीनवर फॉगर दिवसभर सुरूच होणार नाही आणि कारण शोधत बसावं लागेल.

अजून एक, युरोपातून आलेल्या काही पुस्तकांत दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, म्हणजे 2,5 बार म्हणजे अडीच बार. ते टिंबात बदलून घ्या, तसंच ठेवलं तर कोणीतरी पंचवीस वाचेल.

TEMP DIFF चं नेमकं काय लिहायचं? "फरक" लिहिलं तर चालेल का?

नुसतं "फरक" लिहून शेतकऱ्याला काहीच कळत नाही, कारण त्याचा प्रश्न एवढाच असतो की फॉगर किती डिग्रीला सुरू होणार आणि किती डिग्रीला बंद होणार. आणि खरी अडचण अशी की हे सगळ्या मशीनमध्ये सारखं नसतं. SET 32 आणि DIFF 2 असेल तर एका बनावटीचा कंट्रोलर ३४ ला सुरू होऊन ३२ ला थांबतो, दुसरा ३२ ला सुरू होऊन ३० ला थांबतो, आणि तिसरा फरक दोन्हीकडे अर्धा-अर्धा वाटून ३३ ला सुरू आणि ३१ ला बंद होतो. पुस्तकात कधीकधी छोटी आकृती असते त्यावरून कळतं, पण बऱ्याचदा एकच ओळ असते आणि ती कशीही वाचता येते. म्हणून इथे अंदाजाने लिहू नका, मशीनलाच विचारा.

ते कसं करायचं ते सांगतो. आतलं तापमान स्थिर असतं अशा वेळी, सकाळी वगैरे, हे करा. आधी आत्ताची सगळी सेटिंग कागदावर उतरवून घ्या किंवा फोटो काढा. मग फॉगरच्या पंपाचा स्वतःचा एमसीबी पाडा म्हणजे पाणी सुटणार नाही, पॅनल मात्र उघडायचा नाही. RH MAX तात्पुरती शेवटच्या आकड्यापर्यंत वाढवा, START ची वेळ अलीकडे घ्या आणि FOG OFF शक्य तेवढा कमी करा म्हणजे टायमर मध्ये येऊन गोंधळ करणार नाही. समजा स्क्रीनवर तापमान 29.0 दिसतंय आणि DIFF 2.0 आहे. आता TEMP SET 35 वरून हळूहळू अर्धा-अर्धा डिग्रीने खाली आणा आणि रिलेचा टक् आवाज किंवा स्क्रीनवरची फॉगरची खूण बघा. SET साधारण २९ ला आल्यावर सुरू झाला तर तुमचं मशीन थेट सेटवर सुरू होणारं आहे, २८ ला झाला तर अर्ध्या-अर्ध्याचं, आणि २७ पर्यंत खाली यावं लागलं तर सेट अधिक फरक अशा बनावटीचं. खात्रीसाठी तिथून परत SET वर न्या, थेट सेटवर सुरू होणाऱ्या बनावटीत बंद व्हायला ३१ पर्यंत जावं लागेल, अर्ध्या-अर्ध्याच्या बनावटीत ३० पर्यंत, सेट अधिक फरकाच्या बनावटीत २९ लाच बंद होईल. झालं की जुनी सेटिंग परत भरा आणि मगच एमसीबी वर करा.

यानंतर पुस्तकात वाक्य सरळ लिहिता येतं. समजा तुमचं मशीन सेट अधिक फरक अशा बनावटीचं निघालं, तर: "TEMP SET 32.0 आणि TEMP DIFF 2.0 असेल तर फॉगर 34.0 च्या वर सुरू होतो आणि 32.0 ला आल्यावर थांबतो." उदाहरणासकट लिहा, व्याख्या नाही दिली तरी चालेल.

FOG ON 00:30 म्हणजे तीस सेकंद की तीस मिनिटं?

हा प्रश्न विचारलात ते बरं केलं. त्याच मेनूत START 10:30 आहे, तिथे पहिला आकडा तासाचा आणि दुसरा मिनिटाचा. आणि FOG ON 00:30 मध्ये पहिला मिनिटाचा, दुसरा सेकंदाचा. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून भाषांतरात प्रत्येक वेळेपुढे "तास:मिनिट" किंवा "मिनिट:सेकंद" असं लिहायलाच हवं, मूळ पुस्तकात ते एकदाच कुठेतरी पुढच्या पानावर दिलेलं असलं तरी.

चुकलं तर काय होतं त्याचा हिशोब करू. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. चार तोंडांचा क्रॉस फॉगर, एका तोंडातून तासाला ७ लिटर म्हणजे पूर्ण फॉगरचे २८ लिटर, आणि असे १०० फॉगर लावलेत असं धरू. तासाला २८०० लिटर झाले, म्हणजे मिनिटाला जवळपास ४७ लिटर. तीस सेकंदात साधारण २३ लिटर सुटतात, एका चौरस मीटरवर २३ मिली. एप्रिलच्या दुपारी कोरड्या हवेत यातलं बहुतेक पाणी खाली पडायच्या आत उडून जातं आणि तेवढाच गारवा मिळतो. आता कोणी भाषांतरात तीस मिनिटं लिहिलं आणि शेतकऱ्याने ज्या मशीनवर तासाचा पर्याय आहे तिथे तसं भरलं, तर एका फेरीत १४०० लिटर, चौरस मीटरला १.४ लिटर पाणी सुटेल. एवढं पाणी हवेत मावतच नाही, ते पानावर, फुलावर, बेडवर पडतं आणि जरबेराच्या मधल्या भागात साचून राहतं. मग करपा, राखाडी बुरशी, गुलाब असेल तर डावणी, सगळ्याला आमंत्रणच.

म्हणून या ओळीखाली मी एक तपासणी पण लिहायला सांगतो: सेटिंग भरल्यावर पहिली फेरी घड्याळ लावून बघा, आणि फेरी संपल्यावर पानावरून हात फिरवा. दुसरी फेरी सुरू व्हायच्या आत पान कोरडं झालं पाहिजे. ओलंच राहत असेल तर FOG ON कमी करा किंवा FOG OFF वाढवा. ही ओळ मूळ पुस्तकात नसली तरी "भाषांतरकाराची टीप" म्हणून वेगळ्या चौकटीत द्या, मूळ मजकुरात मिसळू नका.

RH MAX चं वाक्य फार गुंतागुंतीचं आहे, ते कसं सोडवायचं?

इंग्रजीत ते बहुतेक उलट-सुलट नकारात लिहिलेलं असतं, म्हणजे "ह्युमिडिटी अमुकच्या खाली आल्याशिवाय फॉगिंग सुरू होणार नाही, जोपर्यंत तमुक नाही" असं काहीतरी. ते तसंच्या तसं मराठीत उतरवलं की वाचणारा तिसऱ्यांदा वाचून सोडून देतो. त्याचे दोन सरळ भाग करा, कधी सुरू होतो आणि कधी थांबतो. आणि "आणि" व "किंवा" हे दोन शब्द ठळक करा, कारण सगळं पीक त्या दोन शब्दांवर आहे.

आपल्या नमुन्यात असं लिहीन: "आतलं तापमान 34.0 च्या वर आणि ह्युमिडिटी 75 च्या खाली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतील तरच फॉगर सुरू होतो. तापमान 32.0 ला आलं किंवा ह्युमिडिटी 75 च्या वर गेली, यातलं एक जरी झालं तरी थांबतो."

आता दोन दिवस घेऊन बघा. एप्रिल, दुपारचे दोन, आत ३६ डिग्री आणि ह्युमिडिटी ३०. दोन्ही अटी पूर्ण, फॉगर चालणार, आणि चालायलाच पाहिजे कारण अशा हवेत ओल्या वातीचा थर्मामीटर २२-२३ च्या आसपास दाखवतो, म्हणजे गार व्हायला भरपूर वाव आहे. ऑगस्ट, मावळातली ढगाळ दुपार, आत ३५ डिग्री आणि ह्युमिडिटी ८५. तापमान ३४ च्या वर आहे तरी फॉगर बंद राहणार, आणि शेतकरी फोन करतो की मशीन बिघडलंय. बिघडलेलं नाहीये. अशा हवेत ओली वात ३२-३३ दाखवते आणि फॉगरने तापमान त्याच्याखाली जाऊच शकत नाही, कितीही पाणी मारलं तरी दोन-तीन डिग्रीच्या वर फायदा नाही आणि पानं मात्र ओली. तिथे पडदे आणि टॉप व्हेंटमधून हवा खेळवणं हाच उपाय. हे ऑगस्टचं उदाहरण पुस्तकात घाला, पावसाळ्यातले निम्मे फोन कमी होतात.

काही कंट्रोलर मात्र "तापमान जास्त किंवा ह्युमिडिटी कमी" अशा पद्धतीने पण चालतात. त्यात डिसेंबरच्या कोरड्या सकाळी १८ डिग्रीला पण फॉगर सुटेल. मूळ वाक्य कुठल्या प्रकारचं आहे ते बघा, आणि शंका असेल तर वर सांगितल्यासारखं पंप बंद ठेवून मशीनवर तपासा.

सेन्सरच्या पानात काय महत्त्वाचं?

ओल्या वातीचा सेन्सर असेल तर वातीची ओळ मोठ्या अक्षरात द्या. वात सुकली किंवा क्षाराने कडक झाली की ओला थर्मामीटर पण कोरड्याएवढंच तापमान दाखवतो, मशीनला वाटतं ह्युमिडिटी शंभराजवळ आहे, आणि भर उन्हात फॉगर बंद. ओळखायची खूण सोपी आहे, एप्रिलच्या दुपारी स्क्रीनवर 95 च्या वर ह्युमिडिटी दिसली तर आधी वात बघा. बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं, बोअरचं नाही. इलेक्ट्रॉनिक सेन्सर असेल तर त्यावर थेट फॉगरचे थेंब पडले तरी हेच होतं, म्हणून तो फॉगरच्या खाली नको, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, सावलीच्या डब्यात हवा.

"ओपन" आणि "क्लोज" ला उघडा-बंद लिहिलं तर?

गडबड होते. आपल्याकडे पंखा बंद म्हणजे थांबलेला, पडदा बंद म्हणजे लावलेला, आणि व्हॉल्व्ह बंद म्हणजे पाणी थांबलेलं, एकच शब्द तीन कामं करतो. त्यात इलेक्ट्रिकल भागात "सर्किट ओपन" म्हणजे वीज तुटलेली, आणि तिथे "उघडा" लिहिलं तर अर्थ बरोबर उलटा. म्हणून परिणाम लिहा: "पाणी सुरू होतं", "वीज तुटते", "वारा आत येतो". पडद्याबाबतीत तर "वर घ्या" पण लिहू नका, कारण काही ठिकाणी पडदा वर गुंडाळून वारा आत येतो आणि काही ठिकाणी वरून खाली सोडून. नॉर्मली क्लोज्ड सोलेनॉइड असेल तर "वीज नसताना पाणी बंद ठेवणारा व्हॉल्व्ह" एवढं एकदा लिहा, पुढे सोलेनॉइड म्हणा.

फॉगर आणि पाण्याच्या भागात आकडे खूप आहेत, कुठले सांभाळायचे?

मुख्य दोन, प्रेशर आणि फिल्टर. आपल्याकडचे बहुतेक प्लास्टिकचे क्रॉस फॉगर साधारण ४ बारला बारीक तुषार देतात, प्रेशर कमी पडलं की थेंब जाड होतात आणि हवेत उडण्याऐवजी झाडावर पडतात. हे प्रेशर पंपाजवळ नाही तर लाईनच्या शेवटच्या टोकाला मोजायचं, ही गोष्ट भाषांतरात हरवू देऊ नका. हाय प्रेशर फॉगिंगची सिस्टीम ७० बारच्या आसपास चालते, तिचं पुस्तक वेगळं, तिथली वाक्यं कॉपी करून इकडे आणू नका.

पंप थांबल्यावर फॉगरमधून थेंब गळायला नको, त्यासाठी प्रत्येक फॉगरवर अँटी-लीक व्हॉल्व्ह असतो. गळत असेल तर बेडवर त्याच जागी रोज ओला डाग दिसतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

साफसफाईच्या पानात ॲसिडची ओळ असते. इंग्रजीत "ॲसिड टू वॉटर" असा क्रम असल्यामुळे घाईत "ॲसिडमध्ये पाणी" असं लिहिलं जातं. बरोबर आहे ते पाण्यात ॲसिड टाका, हळूहळू. उलट केलं तर उसळून अंगावर, डोळ्यात उडतं. ही एक ओळ दुसऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय छापू नका. आणि इशारा नेहमी कृतीच्या आधी लिहा, "झाकण उघडा, त्यापूर्वी मेन स्विच पाडा" असं नाही, आधी मेन स्विच, मग झाकण.

भाषांतर बरोबर झालंय हे कसं कळणार?

ज्याने इंग्रजी पुस्तक बघितलेलंच नाही अशा माणसाला द्या, आणि "कळलं का" असं विचारू नका, कारण सगळे हो म्हणतात. प्रश्न असा विचारा: "दादा, आत ३५ आहे आणि ह्युमिडिटी ६०, दुपारचा एक वाजलाय, फॉगर काय करेल?" तो म्हणाला "सुरू होईल, तीस सेकंद चालेल, मग पाच मिनिटं थांबेल" की पान जमलं. मग विचारा "आणि साडेचारला?" STOP 16:00 आहे, म्हणजे बंद. तो जर म्हणाला की गरम असेल तर चालेल, तर STOP ची ओळ परत लिहा आणि तिथेच कारण द्या, की अंधार पडायच्या आत पानं सुकायला वेळ मिळावा म्हणून ही वेळ ठेवलीय. कारण माहीत असलं की माणूस ती वेळ सहजासहजी पुढे ढकलत नाही.

छापताना काय बघायचं?

बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून जुने फॉन्ट असतात, युनिकोडचा मजकूर त्यात बदलताना डिग्रीचं चिन्ह, < आणि > ही चिन्हं, इंग्रजी अक्षरं बदलून भलतीच येऊ शकतात. म्हणून मजकुरात > न लिहिता "पेक्षा जास्त" लिहा, आणि प्रूफ हातात आलं की प्रत्येक आकडा मूळ पुस्तकाशी बोट ठेवून जुळवा. फॉगरचं एक पान वेगळं लॅमिनेट करून पॅनलशेजारी लावा, त्यावर कंट्रोलरचं मॉडेल आणि सॉफ्टवेअर व्हर्जन लिहा, कारण अपडेट झाल्यावर मेनूचा क्रम बदलू शकतो.

कंपनीची परवानगी लागते का?

कॉपीराइट ॲक्ट १९५७ प्रमाणे भाषांतराचा हक्क मूळ मालकाचा, त्यामुळे छापून वाटायचं किंवा विकायचं असेल तर कंपनीकडून लेखी घ्या. मागताना सोबत फॉगरचं तयार पान जोडा आणि DIFF बद्दलचा तुमचा प्रश्न पण त्याच मेलमध्ये विचारून टाका, म्हणजे त्यांच्या इंजिनिअरचं उत्तर लेखी मिळेल आणि ते सरळ पुस्तकात घालता येईल.